टाइमपास म्हणजे काय, ते तिला सांग

बाळ-बाळंतिणीची मालिश करायला लागून मला चाळीस वर्षं होऊन गेली. मी चौथीपर्यंत शिकले, पुढे शाळा नाही. पण पायावर घेतलेलं बाळ नीट आहे की नाही, हे मला पाणी ओतायच्या आधी कळतं. यात कौतुकाचं काही नाही. भाजीवालीला भेंडी जून आहे का कोवळी ते कळतं, तसंच आहे हे.

नौपाड्यातल्या त्या घरी मला बाळाच्या सातव्या दिवशी बोलावलं. आदल्या दिवशी नाळ पडली होती. घरात तीनच माणसं. तो, त्याची बायको आणि बाळ. तो मराठीच, तिथेच वाढलेला. नोकरी कॉम्प्युटरवरची, घरातूनच करायचा, कानाला सारखं ते हेडफोन. बायको पोलंडची. तिकडे नोकरीला असताना लग्न केलं आणि मग तिला घेऊन इकडे आला. त्याची आई जाऊन बरीच वर्षं झालेली. तिची आई बाळंतपणाला येणार होती, तर निघायच्या आठवड्यात तिचाच पाय मोडला. म्हणजे घरात सांगणारी एक बाई नाही.

पोरगी चांगली होती. गोरी, उंच, केस दोरीने बांधल्यासारखे घट्ट बांधलेले. मला मावशी म्हणायचं हे तिला त्याने शिकवलं होतं. ती म्हणायची "माउशी". मला मराठी येतं आणि कामापुरती हिंदी. तिला तिची भाषा आणि इंग्रजी. मध्ये तो.

पहिल्या दिवशी मी बाळाला तेल लावलं, अंघोळ घातली. मांडीची कातडी बोटात धरली तर सैल. सात दिवसांचं बाळ तसं बारीकच असतं, म्हणून मी काही बोलले नाही. पुसून, गुंडाळून तिच्याजवळ दिलं आणि म्हटलं, "पाज आता, अंघोळीनंतर चांगलं पितात." त्याने सांगितलं. तिने घेतलं. बाळाने तोंड लावलं, दोन-चार वेळा ओढलं आणि मग डोळे मिटून नुसतं तोंड हलवत राहिलं. मी समोर बसून तिचे पाय चोळत होते, म्हणून मला सगळं दिसत होतं. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. गिळल्याचा आवाज नाही.

मी त्याला म्हटलं, "अरे, हा पीत नाहीये. नुसता टाइमपास करतोय. तिला सांग, पायाच्या तळव्याला टिचकी मार, कान चोळ, जागं कर त्याला."

त्याने हेडफोन एका कानावरून सरकवला आणि बायकोला काहीतरी तीन-चार शब्दांत सांगितलं. ती हसली. बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि डोळे मिटून मागे टेकली.

मला वाटलं, नवीन आहे, लाजली असेल. मी स्वतःच टिचकी मारली. बाळाने दोन घोट घेतले, परत झोपलं.

"डायपर किती लागतात रे दिवसाला?"

"तीन. कधी कधी दोनच." तो खुशीत होता. "आमचा एकदम शहाणा बाळ आहे मावशी. रडत नाही, काही नाही. सगळे बोलत होते झोप उडणार, आम्ही मस्त झोपतोय."

सातव्या दिवशी दोन-तीन डायपर म्हणजे शहाणपण नाही. मी तसं म्हटलं. "बाळाने दिवसाला सहा वेळा तरी करायला पाहिजे. कमी पितोय म्हणून कमी करतोय. टाइमपास करू देऊ नका त्याला." तो हो हो म्हणाला आणि आतल्या खोलीत गेला. कोणाशी तरी मीटिंग होती.

दुसऱ्या दिवशी मी अंघोळीनंतर डायपर बांधला नाही, लंगोट बांधला. डायपरमध्ये काही कळत नाही, सगळं पिऊन घेतो तो. मी तिथे दीड तास होते. लंगोट कोरडा. आणि बाळ परत तसंच, तोंडात धरून पेंगतंय. आई खूश, बाप खूश.

मी आतल्या खोलीचं दार वाजवलं. त्याने हाताने थांबा अशी खूण केली आणि बाहेर येऊन मोबाईल माझ्या हातात दिला. "मावशी, मी कॉलवर आहे. यात बोला, तो तिला तिच्या भाषेत सांगतो."

मी आयुष्यात कधी यंत्राला काही समजावलेलं नाही. तरी बोलले. म्हटलं, "बाळ दूध पीत नाही, अंगावर टाइमपास करतंय, त्याला जागं करून पाज, नाहीतर वाळेल." मोबाईलमधली बाई तिच्या भाषेत काहीतरी बोलली. पोरीने कपाळाला आठी घातली, मोबाईल घेतला, परत वाचलं आणि मग हसली. मला अंगठा दाखवला. मीही मूर्खासारखा अंगठा दाखवला.

तो बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय बोललं ते यंत्र?"

त्याने स्क्रीन वर सरकवून वाचलं आणि हसायला लागला. "असं लिहिलंय की बाळ अंगावर मजा करतंय. आणि मग, त्याला उठवून वाळवा."

"आणि तू हसतोयस?"

"अहो मावशी, जोक झाला तो."

"मग आता तू नीट सांग."

"मी कालच सांगितलं ना तिला."

मी चप्पल घातली आणि निघाले. खोपटला दुसरं घर होतं, उशीर झालेला. तिथली बाळंतीण मराठी. तिचं बाळही तसंच करत होतं. मी म्हटलं, टाइमपास करतोय गं तुझा, तर तिने लगेच त्याच्या तळव्याला टिचकी मारली. दोन मिनिटांचं काम. आणि नौपाड्यात मी दोन दिवस घसा कोरडा करत होते. टिटवाळ्याला घरी पोचेपर्यंत डोकं तापलेलं होतं.

घरी माझा नातू आहे, कॉलेजात जातो. मी त्याच्यावर उगाच ओरडले, भांडी तशीच का ठेवलीस म्हणून. तो म्हणाला, "आजी, चिल ना." हे तो रोज म्हणतो. मी त्याला एकदा विचारलं होतं की चिल म्हणजे काय, तेव्हा त्याने सांगितलं होतं, आराम कर, टेन्शन घेऊ नकोस. त्या दिवशी तो शब्द कानावर पडला आणि मी ओट्याजवळ तशीच उभी राहिले. नौपाड्यात तो बायकोला जे तीन-चार शब्द म्हणाला होता, त्यात हा होता. चिलिंग. मी ऐकला होता, पण लक्षात आलं नव्हतं.

"अरे, बाळ चिलिंग करतंय म्हणजे काय होतं?"

"म्हणजे मस्त पडलंय आरामात. काही प्रॉब्लेम नाही."

तिसऱ्या दिवशी मी अर्धा तास आधी गेले. बाळाला हातात घेतलं. ते रडलंही नाही. ओठ कोरडे, टाळू जराशी आत गेलेली. मी तेलाच्या वाटीला हात लावला नाही. आतल्या खोलीचं दार वाजवलं नाही, सरळ उघडलं.

"बाहेर ये."

"मावशी, पाच मिनिटं, क्लायंट आहे."

"तुझ्या क्लायंटची टाळू नाही आत गेलेली. बाहेर ये."

तो आला. माझा आवाज ऐकून पोरगीही उठून बसली होती.

"तू परवा हिला काय सांगितलंस? मी म्हटलं टाइमपास करतोय, तर तू काय सांगितलंस?"

"तेच सांगितलं."

"चिलिंग म्हणालास."

तो गोंधळला. मला इंग्रजीतला एक शब्द कळावा हे त्याच्या हिशेबात नव्हतं. "हो, म्हणजे... टाइमपास म्हणजे तेच ना? आम्ही पण म्हणतो, कट्ट्यावर टाइमपास करत होतो. म्हणजे चिलिंग."

"कट्ट्यावर बसलेल्या माणसाने जेवण आधीच केलेलं असतं! हा उपाशी आहे."

आता त्याचा चेहरा बदलला. तो बायकोकडे वळला आणि काहीतरी बोलला. त्यात 'वेस्टिंग टाइम' होतं, तेवढं मला कळलं. पोरीचे डोळे भरले. ती छातीवर हात ठेवून काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतेय?"

"ती म्हणतेय, मी त्याच्याजवळ तासन्‌तास बसते, तो वेळ वाया जातो असं मावशींना वाटतं का."

"अरे देवा. तिचा वेळ नाही रे! तिला कुठे बोलतेय मी?"

त्याने परत सुरू केलं. या वेळी 'लेझी' म्हणाला. तो शब्द मला शाळेतल्या बाईंमुळे माहीत आहे. पोरीने रडणं थांबवलं आणि माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी काही मी तिच्या पोराला शिवीच दिली. नऊ दिवसांच्या बाळाला आळशी म्हणणारी बाई तिने पहिल्यांदाच पाहिली असणार. तिने बाळाला माझ्या हातातून घेतलं. सरळ काढूनच घेतलं.

"काय सांगतोयस तू तिला? प्रत्येक वेळी नवीन आग लावतोयस!"

"मावशी, त्याला इंग्लिशमध्ये शब्दच नाहीये! मी काय करू? नाहीच आहे तसा शब्द!"

"मग शब्द देऊ नकोस. काय होतंय ते सांग."

"ते तुम्ही सांगा ना मग!" तोही आता चिडला होता. "तीन दिवस तुम्ही पण टाइमपास, टाइमपास एवढंच बोलताय. काय होतंय ते तुम्ही तरी कुठे सांगितलं?"

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण त्याचं खरं होतं.

माझी आई टाइमपास म्हणत नव्हती. तिच्या वेळी हा शब्दच नव्हता. आई म्हणायची, पोर नुसतं चोखतंय, पोटात काही जात नाही. मी हा शब्द कधी उचलला मला आठवत नाही. हॉस्पिटलातल्या सिस्टर म्हणायच्या, त्यांच्याकडून उचलला असेल. सोयीचा होता. एकदा म्हटलं की पोरी हसायच्या, कोणाला राग यायचा नाही, आणि समजायचंही. जिथे तो समजत होता तिथे मला पुढे बोलायची गरजच पडली नव्हती. त्यामुळे पुढचं बोलायची सवय गेली होती.

मी खाली बसले. त्याला म्हटलं, "हे असंच्या असं सांग. एक शब्द इकडचा तिकडे करू नकोस. तोंड हलतंय. गळा हलत नाही."

"बस?"

"बस."

त्याने सांगितलं. इंग्रजीत ते आणखी छोटं झालं, चार-पाच शब्दांचं.

पोरीचा चेहरा तसाच रागीट होता. पण तिने बाळाला अंगाला लावलं आणि खाली वाकून बघायला लागली. मघापर्यंत ती पाजताना डोळे मिटायची नाहीतर बाळाचा चेहरा बघायची. आता तिने त्याची हनुवटी बोटाने जराशी वर केली आणि गळा बघितला. बाळाने दोनदा ओढलं, गळा हलला. मग तोंड चालूच. गळा थांबलेला. ती बघत राहिली. मी बघत राहिले. तो दारात उभा होता, त्याच्या गळ्यात लटकलेल्या हेडफोनमधून कोणीतरी बारीक आवाजात बोलत होतं.

बराच वेळ गेल्यावर तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. राग नव्हता आता. घाबरली होती. मग ती त्याच्याशी बोलायला लागली, आणि तो उत्तर देताना खाली बघायला लागला. मध्येच तो मला म्हणाला, "मावशी, डॉक्टरांनी शुक्रवारी वजनाला बोलावलेलं. माझी मीटिंग होती म्हणून मी सोमवारवर ढकललं. ती विचारतेय मी तिला शुक्रवारचं का नाही सांगितलं."

म्हणजे डॉक्टरांचंही तो तिला असंच अर्धं सांगत होता.

"रिक्षा बोलाव," मी म्हटलं.

मला जायचं काही कारण नव्हतं, पण पोरीने माझं मनगट धरून ठेवलं होतं. दवाखाना रिक्षाने तीन मिनिटांवर. डॉक्टर बाई माझ्या ओळखीच्या, त्यांच्याकडची बरीच बाळं माझ्या पायावरून गेलेली. त्यांनी बाळाचे सगळे कपडे काढून वजन केलं. जन्माचं वजन दोन किलो नऊशे होतं. काट्यावर दोन किलो सहाशेही भरेना. डॉक्टर बाईंनी टाळू चाचपली, कातडी बघितली, कावीळ बघितली, रक्त घेतलं. मग आईला पाजायला लावून स्वतः समोर बसल्या. धरायची पद्धत बदलली, तोंड आणखी मोठं उघडून मग लावायला शिकवलं. हे सगळं त्या इंग्रजीत बोलत होत्या आणि पोरगी एकेक शब्द टिपत होती.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "मावशी, तुमच्या कधी लक्षात आलं?"

"पहिल्याच दिवशी. परवा."

"मग मला फोन का नाही केलात? नंबर आहे ना तुमच्याकडे?"

"मी यांना सांगितलं होतं."

"काय सांगितलंत?"

"टाइमपास करतोय म्हणून."

डॉक्टर बाईंनी पेन उचललं. "मला सांगितलं असतंत तर कळलं असतं," एवढंच म्हणाल्या आणि लिहायला लागल्या.

मला ते लागलं. शब्द दुसऱ्याने चुकीचा सांगितला हे खरंच, पण बाळ तर मी हाताने धरलं होतं. कातडी सैल आहे हे माझ्या बोटांना कळलं होतं, लंगोट कोरडा आहे हे मी बघितलं होतं. त्याला भाषा लागत नव्हती. फोन करायचा होता.

रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी आला, भरती करण्याएवढं बिघडलेलं नव्हतं. दर दोन तासांनी उठवून पाजायचं, नंतर काढलेलं दूध बोंडल्याने द्यायचं, आणि रोज वजनाला आणायचं. बोंडलं मी माझ्या घरचं नेलं, दोनदा उकळलं. त्याची लांब चोच बघून पोरीने विचारलं, हे काय आहे. तो सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हटलं, "तू थांब." बाळाला मांडीवर जरा उभं धरलं, चोच ओठाच्या कोपऱ्याला लावली, थेंब सोडला आणि तिचं बोट धरून बाळाच्या गळ्यावर ठेवलं. तो हलल्यावरच दुसरा थेंब. तिने दोनदा बघितलं आणि तिसऱ्यांदा स्वतः पाजलं. माझ्यापेक्षा हळू, आणि माझ्यापेक्षा नीट.

पुढचे दोन दिवस मी मालिश केलीच नाही. त्या बाळाची ताकद तेल चोळून घेण्यात घालवायची नव्हती. मी फक्त जायचे, तिला दोन घास गरम खायला घालायचे, पाजताना समोर बसायचे. तो हेडफोन काढून बाहेरच्या खोलीत बसायचा. मी काही म्हटलं की उठून यायचा आणि सांगायला लागायचा, तर ती हात वर करून थांबवायची आणि त्याला परत विचारायची. मला शब्द कळायचे नाहीत, पण ती काय विचारतेय ते कळायचं. ती विचारायची, मावशी एवढं बोलल्या आणि तू एवढंच कसं सांगितलंस?

एकदा तो वैतागून मला म्हणाला, "मावशी, तुम्ही दोघींनी मिळून मला शाळेत घातलंय."

"घालायलाच पाहिजे होतं," मी म्हटलं. "मलाही घालायला पाहिजे."

तो हसला. मी हसले नाही. मला अजून राग होता, आणि तो नक्की कोणावर आहे हे ठरत नव्हतं.

त्यातल्या पहिल्या दिवशी वजन जागेवरच होतं. पोरगी काट्याशी उभी राहून ओठ चावत होती. दुसऱ्या दिवशी पन्नास ग्रॅम वाढलं. डॉक्टर बाईंनी तो आकडा दोनदा बघितला, मग बाळाला आईकडे दिलं. त्या दिवशी त्या माझ्याशी आणि त्याच्याशी मराठीतच बोलत होत्या, घाईत होत्या, बाहेर बाकावर गर्दी होती.

"चांगलं आहे. बोंडलं अजून चार दिवस चालू ठेवा. आणि आता दूध भरपूर येतंय, तेव्हा अंगावर टाइमपास करू देऊ नका."

तो बायकोकडे वळला. "शी इज सेइंग..."

"आय नो," ती म्हणाली. आणि बाळाच्या तळव्याला टिचकी मारली.

मी बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि रिक्षा बघायला पुढे झाले.